‘अचानक’, ‘अर्थातच’, ‘खूप’: बिघाडाच्या अहवालात यांच्या जागी काय लिहायचं?

प्रश्न: मी देखभाल विभागात बिघाडांचे अहवाल लिहितो. साहेब दर वेळी ‘अचानक’, ‘अर्थातच’, ‘खूप’ अशा शब्दांभोवती गोल करून कागद परत पाठवतात. शब्द नुसते काढले तर वाक्य अर्धवट वाटतं. मग त्यांच्या जागी नेमकं लिहायचं तरी काय?

उत्तर:

वाक्य अर्धवट वाटतं, कारण ते आधीपासूनच अर्धवट होतं. ‘अचानक’ लिहिताना तुमच्या डोक्यात एखादी वेळ असते, ‘खूप’ लिहिताना एखादा आकडा असतो आणि ‘अर्थातच’ लिहिताना एखादा अंदाज असतो. कागदावर यातलं काहीच उतरत नाही, उतरतो तो फक्त शब्द. म्हणून हे शब्द चुका समजून खोडू नका, खुणा समजा. जिथे असा शब्द आला, तिथे काहीतरी लिहायचं राहून गेलंय. ते काय, हे शोधायला नोंदवही पुन्हा उघडावी लागते. खरं काम तिथेच आहे.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. समजा, पहिला मसुदा असा आहे:

> रात्रपाळीत पंप क्र. २ चे बेअरिंग अचानक खूप गरम झाले. ऑपरेटरने लगेच पंप बंद केला. अर्थातच ग्रीस कमी पडले होते. बराच वेळ पाणी बंद राहिल्याने मोठे नुकसान झाले.

आणि हाताशी असलेल्या नोंदी अशा आहेत. बेअरिंगचं तापमान दर तासाला लिहिलं जातं: २३:०० ला ५६ अंश, ००:०० ला ५७, ०१:०० ला ६०, ०२:०० ला ६६, ०३:०० ला ७३. मागच्या महिन्याभरात ते ५५ ते ६० च्या दरम्यान राहिलेलं आहे. गजर ८० अंशांवर लावलेला आहे आणि तो ०३:३८ ला वाजला. पंप ०३:५० ला बंद झाला तेव्हा ८३ अंश होते. देखभालीच्या वहीत २३:१० ला या बेअरिंगमध्ये ग्रीस भरल्याची नोंद आहे. पाणी ०५:२५ ला पुन्हा सुरू झालं.

‘अचानक’ला चार अर्थ आहेत, त्यातला तुमचा कुठला?

तिन्हींत हा शब्द सर्वांत घातक, म्हणून यावर जरा जास्त वेळ घालवू. अहवालात ‘अचानक’ लिहिणाऱ्याला चारपैकी एक गोष्ट म्हणायची असते आणि वाचणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरीच समजते.

पहिला अर्थ, मधल्या वेळात कोणी पाहिलं नव्हतं. ‘अचानक गळती सुरू झाली’ यासारखी बरीच वाक्यं या जातीची असतात. गळती अचानक सुरू झाली नाही, ती अचानक दिसली. इथे दोन वेळा लिहायच्या: शेवटचं ठीक कधी पाहिलं आणि पहिल्यांदा बिघडलेलं कधी पाहिलं. ‘०२:०० च्या फेरीत पंपाखालची जमीन कोरडी होती. ०३:०० च्या फेरीत तिथे पाणी साचलेले दिसले.’ बस, एवढंच. सुरुवात या तासाभरात कधीतरी झाली, हे वाचणारा स्वतः समजतो. मात्र एक खात्री करून घ्या. ०२:०० ला ‘ठीक’ अशी खूण केलेली असते तेव्हा माणूस खरंच त्या बाजूला गेला होता का? फेरी यंत्राच्या पुढच्या बाजूने झाली असेल आणि गळती मागच्या बाजूला असेल, तर ती खूण उपयोगाची नाही. मग ‘शेवटचं ठीक’ मागे सरकतं, कदाचित आदल्या पाळीपर्यंत, आणि तपासायचा काळ एका तासाचा आठ तास होतो.

दुसरा अर्थ, बदलाचा वेग. इथे कुठून, कुठपर्यंत आणि किती वेळात, हे तीन आकडे लागतात. शिवाय नोंद किती वेळाने होते तेही सांगावं लागतं. दाब दर सेकंदाला नोंदवला जात असेल तर ‘एका नोंदीत ४.२ बार, पुढच्या नोंदीत ०.३ बार, दोन नोंदींतले अंतर १ सेकंद’ असं लिहिता येतं आणि ते वाचून नळी फुटली असावी असा विचार लगेच सुचतो. तेच दोन आकडे तासाच्या नोंदवहीतले असतील तर बदल एका सेकंदात झाला की पन्नास मिनिटांत, हे सांगायला आपल्याकडे काहीच नाही. तिथे ‘अचानक’ लिहिणं म्हणजे नोंदवहीने जे पाहिलंच नाही ते तिच्या तोंडी घालणं.

तिसरा अर्थ, पूर्वसूचना मिळाली नाही. मग तसंच लिहा, पण का मिळाली नाही ते जोडून. गजर बसवलेलाच नव्हता, बंद करून ठेवला होता, की चालू होता पण त्याची मर्यादा गाठली गेली नाही? या तीन वेगवेगळ्या त्रुटी आहेत आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे आहेत.

चौथा अर्थ, लिहिणाऱ्याला ते अपेक्षित नव्हतं. ही माहिती यंत्राची नाही, माणसाची आहे. ती काढून टाका, किंवा तिच्या मागे आधार असेल तर तो लिहा: ‘या पंपाच्या मागील १२ महिन्यांच्या नोंदी पाहिल्या, बेअरिंग तापल्याची नोंद नाही.’ किती मागे जाऊन पाहिलं हे लिहिल्याशिवाय ‘यापूर्वी असे कधी झाले नाही’ या वाक्याला किंमत नाही.

आता आपलं उदाहरण पाहा. ००:०० ला ५७, ०३:०० ला ७३. तापमान तीन तास चढत होतं. ०२:०० ची नोंद नेहमीच्या ५५–६० च्या बाहेर सहा अंशांनी गेली होती. म्हणजे मसुद्यातलं ‘अचानक’ ढिसाळ तर होतंच, शिवाय खोटं होतं, आणि त्याने या घटनेतली सर्वांत उपयोगाची गोष्ट झाकून टाकली: गजराच्या ९८ मिनिटं आधी कागदावर इशारा होता. तो कोणाच्या लक्षात का आला नाही, हा पुढचा प्रश्न. नोंदवही उघडली तर त्याचं उत्तरही तिथेच सापडू शकतं. तापमानाच्या रकान्याशेजारी नेहमीची मर्यादा छापलेलीच नसेल, तर आकडा लिहिणाऱ्याला ६६ वेगळा वाटायचं कारण नाही. ‘अचानक’ ठेवलं असतं तर अहवाल दैवावर थांबला असता. ते काढल्यावर नोंदवहीचा तक्ता बदलायला हवा, हे दिसलं.

याच घरातला ‘एकदम’ तर आणखी फसवा. ‘दोन्ही पंप एकदम सुरू केले’ याचा अर्थ एकाच वेळी, की झटक्यात, की कसलीही तयारी न करता? बोलताना आवाजाच्या चढउताराने कळतं, कागदावर कळत नाही. एकाच वेळी असेल तर ‘एकाच वेळी’ लिहा, किंवा दोन वेळा द्या. झटक्यात असेल तर झडप किती सेकंदांत उघडली ते लिहा.

‘अर्थातच’, ‘उघड आहे’, ‘साहजिकच’

या शब्दांची परीक्षा एका प्रश्नाने होते: कशावरून? शब्द झाकून वाक्य वाचा आणि स्वतःला विचारा. उत्तर आलं तर ते उत्तरच लिहायचं, शब्दाची गरज उरत नाही. उत्तर आलं नाही तर ते वाक्य निष्कर्षातून काढून ‘तपासायचे’ या भागात टाकायचं. तिसरी शक्यता अशी की गोष्ट खरोखरच सर्वांना माहीत असते, ‘अर्थातच पंप बंद असताना पाणी येत नाही’ यासारखी. ते वाक्य तर पूर्णच खोडायचं.

मसुद्यात म्हटलंय, अर्थातच ग्रीस कमी पडलं होतं. कशावरून? बेअरिंग तापलं यावरून. पण बेअरिंग तापण्याची कारणं बरीच असतात आणि ग्रीस जास्त होणं हे त्यातलंच एक आहे. पंपाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरताना हाउसिंगमधली मोकळी जागा साधारणपणे एक तृतीयांश ते निम्मी भरतात, बाकीची रिकामी राहावी लागते. ती ठासून भरली की गोळ्यांना ग्रीस घुसळत फिरावं लागतं. त्या घुसळण्याने उष्णता निर्माण होते, उष्णतेने ग्रीस पातळ होतं, त्यातलं तेल सुटू लागतं. ग्रीस भरल्यावर थोडा वेळ तापमान चढणं नेहमीचंच आहे. जादा ग्रीस निचऱ्याच्या तोंडातून बाहेर पडलं की ते खाली येतं. निचऱ्याचा प्लग बंद राहिला असेल तर ते खाली येत नाही.

आता २३:१० ची ग्रीस भरल्याची नोंद पुन्हा वाचा आणि त्यानंतरचे आकडे पाहा. अंदाज पार उलटा फिरतो. मसुदा तसाच गेला असता तर त्यावर ‘ग्रीस भरण्याची वारंवारता वाढवा’ असा शेरा पडला असता आणि दुखणं आणखी वाढलं असतं. ‘अर्थातच’चा धोका हाच. तो वाचणाऱ्याला सांगतो की इथे थांबू नका, विचारू नका. नेमकं जिथे थांबायला हवं, तिथेच तो पुढे ढकलतो.

मराठीत या शब्दाचा एक छोटा भाऊ आहे, जो शब्दांच्या यादीत सापडत नाही: शेवटी लागणारा ‘च’. ‘झडप बंदच होती’, ‘ग्रीस भरलेच नाही’, ‘त्यामुळेच शाफ्ट वाकला’. हा एकाक्षरी ‘च’ पुराव्याशिवाय खात्री आणतो. ‘त्यामुळे’ म्हटलं की कारण सांगितलं जातं, ‘त्यामुळेच’ म्हटलं की बाकी सगळी कारणं नाकारली जातात. ती तुम्ही खरंच तपासून नाकारली असतील तर तसं लिहा: ‘शाफ्टची रेषा आणि पट्ट्याचा ताण तपासला, दोन्ही मर्यादेत आढळले.’ नसतील तपासली, तर ‘च’ काढा. ‘भरलेच नाही’ऐवजी ‘ग्रीस भरल्याची नोंद सापडली नाही’ लिहा. न भरणं आणि नोंद नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘उघड आहे’ बऱ्याचदा माणसावर येऊन थांबतो. ‘ऑपरेटरचे लक्ष नव्हते हे उघड आहे.’ लक्ष हे काही यंत्रावर मोजता येत नाही. कागदावर काय आहे? ‘०२:०० आणि ०३:०० च्या नोंदींसमोर शेरा नाही.’ तेवढंच लिहा. चौकशी करणाऱ्याला पुढे जायचं असेल तर एवढ्यावरून जाता येतं. आणि ऑपरेटरने तोंडी कळवलं होतं असं नंतर निघालं, तर तुमचं वाक्य तरीही खरंच राहतं.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण हे शिकलेली माणसं पुढच्याच अहवालात दुसरी चूक करतात. ‘बहुधा’, ‘असावे’, ‘शक्यता आहे’ हे शब्दसुद्धा ते कमकुवत समजून काढून टाकतात. ते काढू नका. खात्री किती आहे, हे ‘बहुधा’ सांगतो, तर ‘अर्थातच’ ते लपवतो. फक्त ‘बहुधा’च्या पाठोपाठ दोन गोष्टी द्या: कशावरून वाटतं आणि काय दिसलं तर तो अंदाज चुकीचा ठरेल. एका वाक्यात तीन-तीन शंका मात्र नकोत. ‘बहुधा कदाचित असे झाले असावे’ यातून खात्रीचा अंदाज येत नाही, भीतीचा येतो.

आणि ‘अर्थात’चा दुसराही एक उपयोग आहे, ‘म्हणजे’ या अर्थाचा: ‘बेअरिंग हाउसिंग अर्थात बाहेरचे आवरण’. तो निरुपद्रवी आहे, राहू द्या.

‘खूप’, ‘अतिशय’, ‘प्रचंड’

याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो: आकडा लिहा. पण नुसता आकडाही मुका असतो. ‘८३ अंश’ वाचून यंत्र न जाणणाऱ्या वरिष्ठाला हे जास्त की कमी ते कळत नाही. ‘खूप’ने निदान तेवढं तरी सांगितलं होतं. म्हणून आकड्याला जोडीदार हवा, नेहमीची मर्यादा किंवा गजराची पातळी. ‘८३ अंश (नेहमी ५५–६०, गजर ८०).’ आता ‘खूप’ची उणीव भासत नाही. कशाने मोजलं हेही गरज असेल तिथे लिहा, कारण हाउसिंगवर हातातल्या उपकरणाने घेतलेलं तापमान आणि आत बसवलेल्या सेन्सरचं तापमान एकच येत नाही. दोन्ही मिसळून एका तक्त्यात टाकले तर त्यातून निघणारा चढउतार यंत्राचा नसतो, उपकरणांचा असतो.

मोजलंच नसेल तर? तेव्हा हाताला किंवा डोळ्याला जे कळलं ते लिहा. ‘खूप गरम होते’ऐवजी ‘तापमान मोजले नाही, आवरणावर हात ठेवता आला नाही’. ‘खूप आवाज येत होता’ऐवजी ‘आवाज पंपघराच्या दाराबाहेर ऐकू येत होता, दार बंद होते’. हे आकड्याइतकं पक्कं नाही, पण दुसरा माणूस त्याच जागी उभा राहून पडताळू शकतो. दुसऱ्या दिवशी आठवून आकडा घालणं मात्र सर्वांत वाईट. ‘साधारण ९० असेल’ असं कोणीतरी म्हणतं, अहवालात ‘९०’ होतं आणि तिसऱ्या महिन्यात कुणीतरी त्यावर हिशेब करतं.

उलट्या टोकाची चूकही होते. काट्याच्या मापकावर दोन-दोन अंशांच्या रेघा असताना ‘८३.४’ लिहिणं ही नेमकेपणाची नक्कल झाली. जेवढं उपकरण दाखवतं तेवढंच लिहायचं.

आणि तापमानाच्या बाबतीत ‘दुप्पट गरम’ किंवा ‘४० टक्क्यांनी वाढले’ असं लिहू नका. सेल्सिअसमधला शून्य म्हणजे उष्णता नाही असा शून्य नव्हे, तो पाणी गोठण्याच्या ठिकाणी ठेवलेला शून्य आहे. म्हणून ३० चं ६० झालं तर दुप्पट झालं असं म्हणता येत नाही, ३० अंशांनी वाढलं असंच म्हणायचं. दाब, प्रवाह, वेळ यांना टक्के चालतात. तिथेही कशाचे टक्के ते आधी लिहायचं.

‘अति’ हा उपसर्ग वेगळा पाहा. ‘अतिउष्ण’, ‘अतिभार’ यांत ‘मर्यादेपलीकडे’ असा अर्थ आहे, ‘खूप’ असा नाही. कामाच्या ठिकाणी ‘अतिभार’ची व्याख्या ठरलेली असेल आणि ती ओलांडली गेली असेल तर तो नेमका शब्द आहे. मर्यादेच्या आत असताना तो वापरला तर मात्र ते सरळ चुकीचं विधान होतं.

‘खूप महत्त्वाचे’, ‘अतिशय आवश्यक’ यांना आकडा नसतोच. तिथे कधीपर्यंत करायचं आणि न केल्यास काय होईल ते लिहिलं की विशेषण आपोआप गळतं.

उरलेले, थोडक्यात

‘लगेच’ आणि ‘ताबडतोब’ यांच्या जागी दोन वेळा. मसुद्यातला ‘लगेच’ नोंदींत १२ मिनिटांचा निघतो. त्या १२ मिनिटांत काय झालं हे विचारलं तर समजा असं कळतं: ०३:४१ ला ऑपरेटर पंपापाशी पोहोचला, ०३:४४ ला त्याने पाळीप्रमुखांना फोन केला, ०३:४९ ला परवानगी आली, ०३:५० ला पंप बंद. माणूस ढिला नव्हता, बंद करायचा अधिकार त्याला नव्हता. ‘लगेच’ने त्याचं कौतुक झालं असतं आणि नियमातली अडचण मात्र तशीच राहिली असती.

‘साधारण’ जपून वापरा. ‘तापमान साधारण ६० होते’ म्हणजे सुमारे ६०, की ६० हे नेहमीचंच? पहिल्यासाठी ‘सुमारे’ आणि दुसऱ्यासाठी ‘नेहमीचे’ असे दोन वेगळे शब्द ठेवले की गोंधळ संपतो. ‘बराच वेळ’ म्हणजे ९५ मिनिटं, तेच लिहा. ‘मोठे नुकसान’ म्हणजे काय तुटलं, काय बदललं, काय थांबलं. ‘योग्य प्रमाणात’ आणि ‘पुरेसे’ हे शब्द उपाययोजनेत आले की उपाय रद्दच समजा: ‘योग्य प्रमाणात ग्रीस भरावे’ वाचून कोणी वेगळं काही करणार नाही. ग्रीस-गनचे किती दाब, हे लिहिलं तर करेल.

मसुदा पुन्हा लिहिल्यावर

समजा, बेअरिंगचं कव्हर उघडून पाहिल्यावरची माहितीही हाती आली. मग तोच मजकूर असा होतो:

> पंप क्र. २ चे बेअरिंग ८३ अंशांपर्यंत तापल्याने (नेहमी ५५–६०, गजर ८०) पंप ०३:५० ला बंद केला. पाणीपुरवठा ०३:५० ते ०५:२५, एकूण ९५ मिनिटे बंद राहिला.
>
> तापमान ००:०० ला ५७, ०१:०० ला ६०, ०२:०० ला ६६ आणि ०३:०० ला ७३ अंश नोंदले आहे. ०२:०० पासूनच्या नोंदी नेहमीच्या मर्यादेबाहेर आहेत. नोंदवहीत ही मर्यादा छापलेली नाही. गजर ०३:३८ ला वाजला. ऑपरेटर ०३:४१ ला पंपापाशी पोहोचला. पंप बंद करण्याची परवानगी ०३:४४ ला मागितली व ०३:४९ ला मिळाली.
>
> कव्हर उघडल्यावर हाउसिंगमधील मोकळी जागा ग्रीसने पूर्ण भरलेली आढळली. निचऱ्याचा प्लग बंद होता. गोळ्या, पिंजरा आणि कड्या यांवर रंगबदल किंवा ओरखडे दिसले नाहीत. सुटे भाग बदललेले नाहीत. जादा ग्रीस काढून ०५:२५ ला पंप सुरू केला. ०६:२५ ला तापमान ५९ अंश होते.
>
> कारण: बहुधा जादा ग्रीस. २३:१० ला ग्रीस भरल्याची नोंद आहे आणि तापमान त्यानंतर चढू लागले. जादा ग्रीस काढल्यावर ते नेहमीच्या पातळीवर आले. पुढील ७ दिवसांत ते पुन्हा ६० च्या वर गेले तर हे कारण अपुरे मानावे.
>
> तपासायचे: २३:१० ला ग्रीस-गनचे किती दाब दिले (नोंद नाही). निचऱ्याचा प्लग त्या वेळी उघडला होता का.

मसुदा चार वाक्यांचा होता, हा त्याच्या कितीतरी पट झाला. घाईत असलेल्या वरिष्ठासाठी पहिली दोन वाक्यं पुरतात, बाकी ज्याला उपाय करायचा आहे त्याच्यासाठी. क्रमही बघा. आधी झालेलं, मग पाहिलेलं, मग अंदाज, शेवटी न कळलेलं. हे भाग वेगळे ठेवले की ‘अर्थातच’ला शिरायला फटच राहत नाही, कारण तो नेहमी पाहिलेलं आणि मानलेलं यांच्या सांध्यात बसतो.

एका जागी मात्र हे सगळे शब्द जसेच्या तसे ठेवायचे: दुसऱ्याच्या बोलण्यात. ऑपरेटर म्हणाला, ‘एकदम जोरात आवाज आला आणि मी खूप घाबरलो’, तर अवतरणचिन्हात तेच लिहा, दुरुस्त करू नका. त्याच्या जबाबात तुम्ही आकडा घातलात तर तो आकडा त्याचा राहत नाही. हवं तर पुढच्या वाक्यात तुमची पडताळणी द्या: ‘आवाजाची वेळ त्याने ०३:३० च्या सुमारास सांगितली. गजराची नोंद ०३:३८ आहे.’

संगणकावर हे शब्द शोधताना काही गमती होतात, त्या माहीत असू द्या. ‘खूप’ बरोबर ‘खुप’ही शोधा, कारण घाईत ऱ्हस्व उकार पडतो. ‘फार’ शोधलं की प्रत्येक ‘शिफारस’ सापडते, म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून शोधा. ‘च’ शोधायचा असेल तर ‘च’ आणि त्यापुढे एक मोकळी जागा असं टाका. ‘पाच’ आणि ‘लगेच’ही येतील, पैकी ‘लगेच’ तर हवाच आहे. आणि ‘बऱ्याच’ एकाच वेळेत सगळा सापडेल असं समजू नका. त्यातला ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टंकता येतो, नुक्त्याच्या ‘ऱ’ने किंवा साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या प्रोग्रामला ते वेगळे शब्द वाटू शकतात. अहवाल दोघांनी मिळून टंकला असेल तर नुसतं ‘याच’ शोधा. थोडा कचरा जास्त येतो, पण दोन्ही सापडतात.